ठरावाविरुद्ध उघडला, सही दौलतराव

पिंपळदऱ्यात सकाळी सहा वाजल्याचं घड्याळ सांगत नसे, दौलतराव सांगत. सायकलच्या दांडीला वॉल्व फिरवायचा लोखंडी पाना अडकवून ते निघाले, की बायका चुलीवरून उठायच्या आणि घागरी नळाखाली जायच्या. एकोणीस वर्षं झाली. मधल्या काळात सरपंच पाच झाले. पाणी सोडणारा माणूस तोच राहिला.

अंगानं काटकुळे. दोन एकर कोरडवाहू, एक लेक, ती सासरी कामरगावला. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा दिली आणि बी.ए.ला नाव घातलं. त्यांच्या बायको रुख्मिणीकाकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "लोकं या वयात गळ्यात माळ घालते. आमच्या घरी यायनं दप्तर घातलं."

दौलतराव हसायचे. चिडायचे नाहीत. चिडण्यात वेळ जातो आणि टाकी भरून वाहते, असं त्यांचं म्हणणं.

उज्ज्वलाची आणि त्यांची मैत्री या दप्तरामुळेच झाली. ती गावाशेजारच्या बंजारा तांड्यावरची. मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालेली. ग्रामपंचायतीत संगणकावर दाखले काढायची. दौलतराव दुपारी यायचे, खिशातून भाजलेल्या शेंगा काढून टेबलावर ठेवायचे आणि पुस्तक उघडायचे. "उज्ज्वला, हा शबूद पाय बरं. 'सार्वभौम'. दाताखाली खडा आल्यावानी होते." ती अर्थ सांगायची. ते वहीत लिहायचे, शाळेतल्या पोरासारखे, जीभ थोडी बाहेर काढून.

त्या हिवाळ्यात त्यांचा धडा होता सामाजिक कराराचा.

आणि त्याच हिवाळ्यात तांड्याचं पाणी बंद झालं.

झालं असं. दिवाळी सरली की तांड्यावरच्या टोळ्या ऊसतोडीला जातात. अडतीस घरं. त्यातल्या सत्तावीस घरांना कुलूप लागलं. उरलेल्या अकरा घरांत म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी नातवंडं; त्यातलं एक घर उज्ज्वलाचं. मागच्या वर्षी कुलूपबंद घरांतले चार-सहा नळ उघडेच राहिले होते. पाणी सुटलं की नालीत धो धो वाहायचं. गावातल्या वरच्या आळीला घागरभर मिळेना. भांडणं झाली. सरपंच बबनरावांच्या डोक्याला ताप झाला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त ताप नको होता.

मग नोव्हेंबरात विशेष ग्रामसभा बोलावली. गावात अकराशेच्या वर मतदार. सभेला शंभर तरी माणसं लागतात. आली एकतीस. सभा तहकूब झाली. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की गणपूर्ती लागत नाही, असा नियमच आहे. दुसऱ्यांदा तेवीस आली. तेवीस हात वर गेले. ठराव झाला: ज्या वस्तीतले निम्म्याहून अधिक कुटुंबप्रमुख महिनाभरापेक्षा जास्त बाहेरगावी असतील, त्या वस्तीचा पाणीपुरवठा ते परत येईपर्यंत बंद ठेवावा.

अशी वस्ती गावात एकच होती.

हा ठराव उज्ज्वलानंच टाइप केला. टाइप करताना तिचा हात 'निम्म्याहून' या शब्दावर थांबला होता. उरलेल्या निम्म्यांचं काय, असं तिच्या मनात आलं होतं. पण ग्रामसेवक बाजूला उभे होते आणि नोकरी दर वर्षी नव्यानं टिकवायची होती. तिनं प्रिंट काढली.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी दौलतरावांनी तांड्याचा वॉल्व बंद केला. ठराव होता. त्यांचं काम होतं.

तांड्याला मग नाल्याजवळचा हातपंप उरला. उतार खडा, पाणी खारं. धनीबाई सत्तरीच्या. दोन नातवंडं त्यांच्याकडे. कमरेला सुतळीत ओवलेल्या सत्तावीस किल्ल्या. टोळी निघायच्या दिवशी प्रत्येक घर नारळ फोडतं, कुलूप लावतं आणि किल्ली धनीबाईंच्या हातात देतं. याडी म्हणजे आई. शब्द एकच. "याडी, घर तुया हवाली." त्यावर धनीबाई नुसती मान हलवतात. ना कागद, ना सही. आजवर एका घरातलं भांडं हललेलं नाही.

त्या खुळखुळत चालायच्या. आता डोक्यावर घागर आणि कमरेला किल्ल्या. दौलतराव सायकलवरून उतरून बाजूला थांबायचे. बघायचे. 

पुस्तकात तीन विचारवंतांची चित्रं होती. दौलतरावांना नावं धड म्हणता येत नसत. त्यांनी आपली नावं ठेवली. पहिला भेदरलेला. दुसरा जमीनवाला. तिसरा पायी हिंडणारा.

"भेदरलेल्यानं लढाया पाह्यल्या," ते एका दुपारी म्हणाले. "तो म्हनते, राज्य नसन तर माणूस माणसाले खाऊन टाकीन. म्हनून सारे अधिकार एकाच्या हातात द्या आन गुमान राहा. बराबर?"

"बराबर," उज्ज्वला म्हणाली. "पण तोही एक गोष्ट सोडतो, काका. जीव वाचवायचा हक्क माणूस देऊनच टाकू शकत नाही. कारण करार केलाच मुळी जीव वाचावा म्हणून."

"हं. आन जमीनवाला?"

"तो म्हणतो, जीव, मोकळीक, मालमत्ता, हे आपलं आधीपासूनच असतं. सरकार फक्त राखणदार. विश्वासानं ठेवलेला. राखणदारानंच विश्वास मोडला, तर माणसाला आज्ञा पाळायचं बंधन उरत नाही."

दौलतराव शेंग फोडता फोडता थांबले. "धनीबाईसारखा."

"कोण?"

"राखणदार. किल्ल्या त्यायच्याजवळ. घर नाई त्यायचं."

उज्ज्वलाला हे सुचलं नव्हतं. तिनं वहीत लिहून घ्या म्हटलं. त्यांनी लिहिलं.

मग ते तिथंच अडले. पुस्तकात लिहिलं होतं की करारावर सही कोणीच केलेली नसते. पण जो त्या देशात राहतो, तिथल्या रस्त्यानं चालतो, त्यानं न बोलता संमती दिली असं धरायचं.

"म्हनजे तांड्यावाले गावच्या रस्त्यानं मोटारीत बसून गेले, म्हनून ठराव त्यायले मान्य?"

"पुस्तकाप्रमाणे तसं म्हणता येतं."

"उज्ज्वला, रस्त्यानं जायची संमती अलग. तहानेची संमती कोण देते बावा?"

तिनं पान उलटलं. पुढं तिनं तिसऱ्याचं सांगितलं. पायी हिंडणारा म्हणतो, कायदा सगळ्यांनी केलेला हवा आणि सगळ्यांना सारखा लागणारा हवा. जास्त लोकांची सोय म्हणजे सगळ्यांची इच्छा नव्हे. तेवीस हात वर गेले, तरी ती तेवीस जणांची सोय असू शकते. आणि अलीकडच्या एकानं एक युक्ती सांगितली होती. नियम ठरवताना असं समजा, की आपण कोणत्या घरात जन्मणार हे आपल्याला ठाऊक नाही. गावात की तांड्यावर, ठाऊक नाही. मग कोणता नियम कराल?

दौलतरावांनी पुस्तक मिटलं. 

"तेवीसातल्या एकानंबी असा हात वर केला नसता," ते म्हणाले. "तेवीसात मीबी होतो."

हे उज्ज्वलाला माहीत नव्हतं.

गृहपाठाचा प्रश्न असा होता: 'सामाजिक कराराच्या आधारे अन्यायकारक कायद्याविरुद्ध सविनय कायदेभंगाचे समर्थन करता येते काय? सोदाहरण लिहा.' वीस गुण. उज्ज्वलानं त्यांना अटी नीट समजावून सांगितल्या. आधी सगळे सरळ मार्ग करून पाहायचे. कोणाला इजा करायची नाही. जो कायदा चुकीचा तोच मोडायचा, बाकीचे पाळायचे. लपून मोडायचा नाही. आणि शिक्षा झाली तर ती घ्यायची. पळायचं नाही.

"लपून काहून नाई?"

"लपून मोडला तर तो स्वतःपुरता फायदा. उघड मोडला तर ते गावाला विचारणं झालं. की बघा, हे तुम्हाला पटतं का?"

"आन शिक्षा?"

"शिक्षा घेतली म्हणजे कायद्याचा मान राहिला. मी करार मोडत नाही, करारातली ही ओळ चुकली एवढंच म्हणतो, असं ते असतं. काका, पुसदच्या जंगलात तीस साली लोकांनी राखीव गवत कापलं. विळे घेऊन गेले, सांगून गेले. मग तुरुंगात गेले."

"माहा आजा होता त्यात," दौलतराव म्हणाले. "दोन पेंढ्या कापल्या. तीन महिने भोगले. आमच्या घरी तो विळा हाय."

तिनं शेंगा खाल्ल्या. तिला वाटलं, चांगलं उदाहरण मिळालं. गृहपाठ छान होईल.

ती साहित्य शिकलेली होती. पुस्तकातली गोष्ट पुस्तकात राहते, याची तिला सवय होती.

जानेवारीच्या दोन तारखेला दौलतरावांनी सरपंचांना अर्ज दिला. ठराव मागे घ्यावा, अकरा घरं तहानली आहेत. पोच घेतली. तीन तारखेला एस.टी.नं मानोऱ्याला जाऊन वरच्या कार्यालयातही एक प्रत दिली. तिथूनही पोच घेतली. आठवडा थांबले. वरून उत्तर आलं नाही. खालून आलं. बबनरावांनी त्यांना चहाला बोलावलं.

"दौलत, तू काहून कागदं नाचवून राह्यला?" बबनराव म्हणाले. "तुले पाणी सोडायचं ना? सोड. पहाटं अर्धा घंटा सोड. कोन पाह्यते? मी काही म्हननार नाई."

"आन ठराव?"

"ठराव फाइलीत राह्यते. फाइलीले तहान लागते काय?"

घरी आल्यावर रुख्मिणीकाकूंनीही तेच म्हटलं. तांड्यावरच्या रूपलानं कारखान्याच्या फडातून फोन केला, त्यानंही तेच म्हटलं. "काका, चुपचाप सोडा ना. आमी आलो की पाह्यतो. तुमची नवकरी जाईन." उज्ज्वलानंही, खरं सांगायचं तर, तेच म्हटलं.

दौलतरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. उज्ज्वलाला एवढंच म्हणाले, "मी चुपचाप सोडलं, तर मी गेल्यावर जो येईन तो चुपचाप बंद करीन. सरपंचाच्या मेहरबानीचं पाणी हाय मंग ते. आज हाय, उद्या नाई."

बारा तारखेला सकाळी सहाला ते तांड्याच्या वॉल्वपाशी गेले. त्याआधी ग्रामपंचायतीच्या दारावर त्यांनी, आज तांड्याला पाणी सोडतो आहे, अशी सहीनिशी चिठ्ठी लावली होती. पाणी आलं. धनीबाईंच्या नळाला आधी नुसती हवा आली, मग लाल गंज, मग पाणी. पोरं नाचली.

दहा वाजता उज्ज्वला कामावर आली. टेबलावर पाणीपुरवठ्याची वही उघडी होती. रोज तिथं लिहिलेलं असे: 'वॉल्व क्र. १ उघडला, वॉल्व क्र. २ उघडला.' आज खाली ठसठशीत अक्षरात होतं:

'वॉल्व क्र. ४ (तांडा). ठराव झालेला असताना, ठरावाविरुद्ध उघडला. अर्धा तास. ठराव अन्यायाचा आहे असे माझे मत आहे. सही, दौलतराव.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग खुर्चीत बसली. बराच वेळ संगणक सुरू करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. दोन महिने आपण ज्याला गृहपाठ समजत होतो, तो या माणसानं समोर वहीत लिहून ठेवला होता. उत्तरपत्रिकेत नव्हे. पाण्याच्या वहीत.

तेरा, चौदा, पंधरा. तीन दिवस तीच नोंद, तीच सही. बाकी तिन्ही वॉल्व वेळेवर. गावातल्या एकाही घराचं पाणी मिनिटभर कमी झालं नाही. तांड्याला सोडलेला अर्धा तास दौलतराव पहाटे अर्धा तास आधी मोटर चालू करून भरून काढायचे.

सोळा तारखेला ग्रामसेवकांनी उज्ज्वलाला कारणे दाखवा नोटीस टाइप करायला सांगितली. तिनं केली.  दौलतराव आले, नोटीस घेतली, पोच दिली आणि म्हणाले, "उत्तर लिहून घे बाप्पा. माहं अक्षर वाकडं हाय."

बबनराव समोरच बसले होते. ते पुढं झुकले. "दौलत, आयक. लिह, की वॉल्व गळका होता. आपोआप पाणी गेलं. मिटलं. मी प्लंबर बोलावतो."

"वॉल्व चांगला हाय."

"आबे, मी तुले वाचवून राह्यलो!"

"हाव. पन वॉल्वले खोटं काहून पाडता?"

ग्रामसेवकांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात लपवलं. बबनराव मात्र तापले. "मंग उद्या कोनीबी उठीन, म्हनीन मले हा ठराव पसंत नाई. घरपट्टी पसंत नाई. रस्त्यावर गुरं बांधाले बंदी पसंत नाई. गाव चालन काय?"

हा प्रश्न खरा होता. उज्ज्वला टाइप करायची थांबली. पुस्तकातला भेदरलेला माणूस हाच प्रश्न विचारत होता.

दौलतरावांनी विचार केला. "चालन," ते म्हणाले. "फक्त त्यानं माह्यासारखं करावं. आधी अर्ज द्यावा. कोनाचं नुकसान करू नये. मंग सांगून मोडावं, सही करावी आन शिक्षेले उभं राहावं. एवढं कराले कोनी रिकामा नाई, सरपंच. घरपट्टीसाठी तं नाईच नाई. ज्याच्या पोटात दुखन तोच करीन."

"आन तुह्या पोटात काहून दुखते? तू तांड्यावरचा हायेस?"

"हात वर करनारा मी होतो ना. चोविसावा नोतो. तेवीसातला होतो."

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कोणी दाखल्यासाठी आलं होतं, ते दारातच थांबलं.

उत्तर चार ओळींचं झालं. 'ठराव मोडला हे खरे. चुकून मोडला नाही. ज्यांना तो लागू आहे ते ठरावाच्या दिवशी गावात नव्हते, व जे गावात आहेत त्यांचा काही दोष नसताना त्यांचे पाणी गेले. जी शिक्षा होईल ती मान्य.' खाली सही.

शिक्षा झाली. पंधरा दिवस कामावरून बंद. एकतीसपर्यंत. ग्रामसेवकांनी लोखंडी पाना मागितला. दौलतरावांनी तो रुमालानं पुसून टेबलावर ठेवला. एकोणीस वर्षांत तो पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हाती जात होता. त्यांच्या जागी बबनरावांचा पुतण्या विकास आला. वॉल्व पुन्हा बंद झाला.

संध्याकाळी उज्ज्वला त्यांच्या ओसरीवर गेली. दौलतराव तुरीच्या शेंगा सोलत होते. चेहरा शांत.

"काका, काय मिळालं?" तिचा आवाज चढला. "पाणी पुन्हा बंद. तुमचं काम गेलं. तांड्यावरची पोरं म्हणतात, रात्री जाऊन वॉल्व फोडू."

"फोडू देऊ नको," ते ताडकन म्हणाले. "त्यायले सांग, वॉल्व साऱ्याचा हाय. फुटला तं तांड्याची गोष्ट संपली. मंग गाव म्हनीन, पाह्यलं, हे असेच." मग हळू झाले. "सव्वीसले ग्रामसभा हाय ना? मी विचारून ठेवलं गावाले. उत्तर द्यायले थोडा टाइम लागते, व माय."

आतून रुख्मिणीकाकू म्हणाल्या, "याले विचारा, हा घरी बसून पंधरा दिवस करीन काय? माह्या मागं मागं फिरीन आन भाजीत मीठ पाह्यीन."

"गृहपाठ करीन," दौलतराव म्हणाले.

गावाचं उत्तर अगदी वेगळ्या वाटेनं यायला लागलं. विकास नवखा. कधी साडेसहा, कधी सात. पहिल्यांदा बायकांना दौलतरावांची आठवण झाली. मग त्यांना काय झालं याची चर्चा झाली. मग कशापायी झालं याची. पिठाच्या गिरणीत, दुधाच्या डेअरीवर, पारावर. ज्यांनी ठराव कधी वाचलाच नव्हता त्यांनी तो उज्ज्वलाकडे येऊन वाचून घेतला. एक म्हातारी म्हणाली, "असं लिवलं हाय? आमाले तं वाटलं, रिकाम्या घराले बंद केलं. धनीबाईलेबी बंद केलं काय?" तिला कोणी सांगितलंच नव्हतं. फाइलीतल्या ठरावाला कोणी बघत नाही. दारावरच्या चिठ्ठीला सगळे बघतात.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. उज्ज्वलानं हजेरीच्या वहीत सह्या घेतल्या. शंभरावी सही झाली तेव्हा तिनं घड्याळ पाहिलं. साडेदहा. पिंपळदऱ्यात कोणाच्याही आठवणीत पहिल्यांदाच, पहिल्या हाकेला गणपूर्ती झाली होती. एकशे सदतीस माणसं. अर्धी तमाशा बघायला आली होती, हे खरं. पण नियमात येण्याचं कारण विचारत नाहीत.

दौलतराव मागे बसले होते. शिक्षेवर असले तरी ते मतदार होते.

विषय निघाला. ग्रामसेवकांनी ठराव वाचला. बबनरावांनी पाण्याची नासाडी सांगितली आणि त्यात खोटं काही नव्हतं. मग कोणाला काही म्हणायचं आहे का, असं ग्रामसेवकांनी विचारलं. 

उज्ज्वलाला वाटलं होतं, दौलतराव बोलतील.  त्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, आग्रहानंही नाही. शब्दाचा अर्थ विचारताना बघायचे तसं.

ती उठली. नोकरी, ग्रामसेवक, दर वर्षीची ऑर्डर, सगळं एकदम आठवलं. तरी उठली.

"मी तांड्यावरची मतदार म्हणून बोलते," ती म्हणाली. "हा ठराव मीच टाइप केला. तेव्हा मला प्रश्न पडला होता. मी विचारला नाही. आज विचारते. ज्यांच्या बाहेर जाण्यावरून हा ठराव झाला, त्यांतला एकही जण त्या दिवशी सभेत होता का? नव्हता. ते ऊस तोडत होते. गावाच्या कुठल्याही नियमाला आम्ही नाही म्हणत नाही. पण आमच्याविषयीचा नियम आम्ही घरी असताना करा."

कोणीतरी मागून म्हटलं, "मंग नळं उघडे ठेवून काहून जाता?"

तेवढ्यात किल्ल्या खुळखुळल्या. धनीबाई काठी टेकत पुढं आल्या. त्यांनी कमरेची सुतळी सोडली आणि सत्तावीस किल्ल्यांचा झुबका सरपंचांच्या टेबलावर ठेवला. पाण्याच्या पेल्याशेजारी.

"हे घरं बंद नाई," त्या म्हणाल्या. "माह्या हवाली हायेत. मले कोनी विचारलं नाई, नाईतर पयलेच सांगतलं असतं. दौलतनं पाणी सोडलं त्या दिशी मी एकेक घर उघडलं. सारे नळं पिळून बंद केले. चौघायचे उघडे होते, खरं हाय. चूक आमचीच. आता एकबी नाई. येऊन पाहा. पुढंबी मी पाह्यीन. कुलूप लागलं की त्याच दिशी नळ बंद. एकाचाबी वाह्यला तं मले बोला, सरपंच."

बबनराव किल्ल्यांकडे बघत राहिले. "म्हनजे तुमी सत्तावीस घराकडून बोलता?"

"बोलते."

"पन हात एकच मोजला जाईन तुमचा, धनीबाई. दुसऱ्याच्या बदल्यात हात वर नाई करता येत."

"मले ठाऊक हाय. माह्या एकाच खांद्यात जोर हाय. बाकीच्यायचं तुमी पाहा."

लोक हसले. सभेत पहिल्यांदाच हवा मोकळी झाली. मग वरच्या आळीतली एक बाई म्हणाली, नळ बंद राहणार असतील तर भांडण कशाचं? दुसरा म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला नाल्यात उतरवणं बरं नाही. हात मोजले. एकशे चार. ठराव रद्द. नवा ठराव ग्रामसेवकांनी तिथंच लिहिला: स्थलांतरित कुटुंबांच्या नळांची जबाबदारी किल्ली सांभाळणाऱ्या व्यक्तीवर राहील. वस्तीचा पाणीपुरवठा बंद करण्याचा कोणताही विषय तेथील कुटुंबे गावी असतानाच, एक मे किंवा पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत घेण्यात येईल.

बबनरावांनी हातही आधी वर केला आणि टाळीही आधी वाजवली. तापातून सुटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर होता. "दौलत, ये पुढं," ते म्हणाले. "शिक्षा माफ. उद्यापासून पाना घे."

दौलतराव उभे राहिले. टोपी सारखी केली.

"माफ कराले नको, सरपंच. मोडला तवा तो ठराव होता. एकतीसपर्यंत घरी बसतो. एकले येतो."

"आबे, आता काहून?"

"पंधरा दिवस ठरले ना? मंग पुरे होऊ द्या. नाईतर लोकं म्हनतीन, जिकला म्हनून सुटला. उद्या कोनी हरला तं?"

उज्ज्वला वही छातीशी धरून उभी होती. या वाक्याचा सिद्धांत तिला पुस्तकातून सांगता आला असता. तिनंच तो त्यांना सांगितला होता. पण तो असा, टोपी सारखी करत, शाळेच्या पटांगणात उभा राहील असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्याचं नवल वाटलं, कारण ती दुःखी नव्हती.

सत्तावीसला तांड्याचा वॉल्व विकासनं उघडला. सात वाजता. धनीबाईंनी त्याला चहा दिला आणि सहाला येत जा म्हणून सुनावलं.

राहिलेल्या पाच दिवसांत दौलतरावांनी ओसरीवर गृहपाठ पूर्ण केला. उज्ज्वला शुद्धलेखन तपासायला गेली. त्यांनी पुसदचं गवत लिहिलं होतं. पायी हिंडणाऱ्याचं सगळ्यांच्या इच्छेचं लिहिलं होतं. संमती एकदाच देऊन संपत नाही, वर्षावर्षाला घराची किल्ली देतात तशी ती नव्यानं द्यावी लागते, हे मात्र कुठल्याही पुस्तकातलं नव्हतं. शेवटी लिहिलं होतं: 'म्हणून समर्थन करता येते, पण स्वस्तात नाही.' ते वाक्य तिनं तसंच ठेवलं.

"यात तुमचं स्वतःचं उदाहरण घाला ना," ती म्हणाली.

"हे काय उदाहरण झालं?" त्यांना खरंच लाज वाटली. "वॉल्वच तं फिरवला." मग तिच्या आग्रहाखातर दोन ओळी घातल्या. नाव घातलं नाही.

मार्चमध्ये गुण आले. वीसपैकी अकरा. शेरा होता: 'उदाहरणे विषयाला धरून द्यावीत.' दौलतरावांनी तो शेरा उज्ज्वलाला दाखवला आणि पोट धरून हसले. रुख्मिणीकाकूंनी अकराचे पेढे वाटले. "आमच्या लेकीलेबी कधी अकरा नोते पडले," त्या म्हणाल्या. लेकीला चौदा पडायचे, पण ते असो.

हे पुढचं. त्याआधी, फेब्रुवारीच्या एक तारखेला उज्ज्वला मुद्दाम लवकर उठली होती. शाल गुंडाळून तांड्याच्या वॉल्वपाशी येऊन उभी राहिली. बरोबर सहाला सायकल आली. दौलतराव उतरले, पाना लावला, दोन्ही हातांनी फिरवला. जमिनीखालून गुरगुर आली. वर धनीबाईंच्या अंगणातून पोरांचा आवाज आला.

दहा वाजता तिनं वही उघडली.

'वॉल्व क्र. ४ (तांडा). ठरावाप्रमाणे उघडला. अर्धा तास. सही, दौलतराव.'

मतबित काही लिहिलेलं नव्हतं. वहीवर शेंगांचं एक टरफल पडलं होतं. तिनं ते उचललं, संगणक सुरू केला आणि दारात थांबलेल्या माणसाला म्हणाली, "या, दाखला कशाचा पाहिजे?"